तीन मिनिटांनंतर

कोकणातल्या समुद्राकाठच्या एका ४८ खोल्यांच्या हॉटेलात मी मेंटेनन्सला लागलो, तेव्हा जनरेटर रूममध्ये एक लाल कापडी बांधणीची वही होती. दर सोमवारी एक ओळ लिहिलेली. तारीख, वेळ, "डीजी चालू, दहा मिनिटे, ओके." खाली तात्यांची सही. तात्या आमचे जुने ऑपरेटर. चार वर्षांत एकही सोमवार चुकवलेला नव्हता.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात, मे महिन्यात, रात्री साडेअकराला गावची लाइन गेली. जनरेटर बाराव्या सेकंदाला उभा राहिला, पॅनेलने लोड घेतला, कॉरिडॉर उजळला. रिसेप्शनवरच्या मुलाने मला अंगठा दाखवला. आणि तीन मिनिटांनी इंजिनाचा आवाज खोल गेला, दिवे पिवळे पडले आणि सगळं पुन्हा काळोखात गेलं.

१०४ नंबरच्या खोलीत एक आजोबा होते, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. त्यांच्या सुनेने सोबत छोटा सिलिंडर आणला होता म्हणून निभावलं. मी टॉर्च घेऊन पोचलो तेव्हा ती नळी बदलून बसली होती. मला एवढंच म्हणाली, "दादा, पुन्हा येईल ना लाइट? सिलिंडर दोन तासांचा आहे."

त्या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं. वहीत लिहिलेलं सगळं खरं होतं. जनरेटर दर सोमवारी चालूच होत होता. पण इंजिन चालू होणं वेगळं आणि हॉटेल चालू राहणं वेगळं.

हे तीन मिनिटांचं गणित तुमच्या घरच्या एसीतही आहे. लाइट जाऊन आली की एसीचा पंखा लगेच फिरतो, पण कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबतो. गॅसचा दाब बसण्याआधी मोटर फिरली तर ती अडकते, म्हणून ही सोय. आमच्याकडे त्या रात्री ४२ खोल्या भरलेल्या होत्या आणि सगळे एसी आपोआप पुन्हा सुरू होणारे, जुने, इन्व्हर्टर नसलेले. जनरेटरने सुरुवातीला घेतला तो लोड दिवे, पंखे, फ्रिज, लिफ्ट यांचा. खरा लोड तीन मिनिटं दाराबाहेर उभा होता आणि मग एकदम आत आला.

आकड्यांत बघू. आमचा जनरेटर १२५ केव्हीएचा, म्हणजे साधारण १०० किलोवॉटचा. दर फेजला १७४ अँपिअर देणारा. एक एसी चालताना ७ अँपिअर खातो, पण कॉम्प्रेसर सुटताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. ४२ कॉम्प्रेसर एकत्र सुटले तर दर फेजला साडेचारशेच्या आसपास अँपिअर होतात. इंजिन दबलं, व्होल्टेज पडलं, पॅनेलने कमी व्होल्टेज बघून लोड सोडून दिला. पॅनेलचं चुकलं नव्हतं. सोमवारच्या चाचणीत इंजिन रिकामं पळायचं, त्यामुळे हे दिसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि तात्या क्लॅम्प मीटर घेऊन प्रत्येक फीडर मोजत फिरलो. मग तीन याद्या केल्या. पहिल्या यादीत जे थांबलं तर माणसाला धोका आहे ते: जिने आणि कॉरिडॉरचे दिवे, फायर अलार्मचं पॅनेल, एक लिफ्ट, खोल्यांतले दिवे-पंखे-सॉकेट. दुसरीत जे तासाभरात बिघडतं ते: किचनची कोल्डरूम, पाण्याचा पंप, सांडपाण्याच्या प्लँटचा ब्लोअर. या दोन्ही याद्या मिळून जास्तीत जास्त ४६ किलोवॉट. तिसऱ्या यादीत एसी. भरलेल्या ४२ खोल्यांचे ६७ किलोवॉट. बेरीज ११३. म्हणजे एसी एकेक करून सुरू केले असते तरी १०० मध्ये मावणार नव्हते. (आगीच्या पंपाला आमच्याकडे स्वतःचं डिझेल इंजिन आहे, म्हणून तो यादीत नाही.)

मालकांना हे पटवायला अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, "पाहुणा एसीचे पैसे देतो." मी कागदावर बेरीज दाखवली. शेवटी एसींचे चार गट केले, प्रत्येकी १२ खोल्यांचे. प्रत्येक गटाला स्वतःचा कॉन्टॅक्टर आणि टायमर. लाइट गेली की एका वेळी दोनच गट चालतात. दुसरा गट पहिल्यानंतर दोन मिनिटांनी येतो. अर्ध्या तासाने पाळी बदलते. पंखा सगळ्यांना कायम. आणि चेक-इनला एक प्रश्न वाढला: खोलीत काही वैद्यकीय मशीन लावणार आहात का?

मग डिझेल. एका लिटरला साधारण साडेतीन युनिट मिळतात असं धरलं, तर सरासरी ६० किलोवॉटला तासाला १७ लिटर लागतात. आमची टाकी ३०० लिटरची. तळातला गाळ-पाण्याचा दहावा भाग सोडला तर उरतात २७०. म्हणजे सोळा तास. एरवी पुरेसे वाटतील, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. रस्त्यांवर झाडं पडली की टँकरही येत नाही. म्हणून आता पावसाळ्याआधी २०० लिटरचे दोन ड्रम भरून वेगळ्या शेडमध्ये ठेवतो. एसी पूर्ण बंद ठेवले तर सरासरी खप तासाला ८ लिटरवर येतो आणि तोच साठा तीन दिवसांच्या वर जातो. वादळात एसी कधी बंद करायचे हे त्यामुळे आधीच ठरलेलं आहे: चार तासांत लाइन आली नाही, तर बंद. दमट हवेत डिझेलमध्ये पाणी धरतं, म्हणून दर महिन्याला टाकीच्या तळाचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढून बघतो. खाली वेगळा थर दिसला की तो जाईपर्यंत काढायचं. ड्रममधलं डिझेल सहा महिन्यांत वापरून नवं भरतो.

आणि चाचणी. आता महिन्यातून एकदा, पाहुण्यांना आदल्या दिवशी सांगून, आम्ही मेन ब्रेकर खरोखर पाडतो. तात्या स्टॉपवॉच घेऊन उभे. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज किती पडतं ते लिहायचं. बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली गेली तर ती पुढच्या वेळी दगा देणार. मग लोड घेतल्यावर व्होल्ट आणि हर्ट्‌झ, आणि प्रत्येक एसी गट आल्यावर पुन्हा. अर्धा तास तरी लोडवर चालवायचं. रिकाम्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही आणि धुराड्याच्या तोंडाशी काळा चिकट ओघळ दिसू लागतो. आमच्याकडे तो चार वर्षांचा साचलेला होता. शेवटी मेन चढवायचा आणि बघायचं की पॅनेल काही मिनिटं थांबून, लाइन स्थिर असल्याची खात्री करूनच परत जातं आणि इंजिन पाच मिनिटं रिकामं फिरून थंड होतं.

पहिल्या अशा चाचणीत दुसरा गट आलाच नाही; टायमरची वायर सैल होती. ती सकाळी अकराला सापडली, दोन मिनिटांत घट्ट झाली. तात्यांनी वहीत लिहिलं, "गट २ आला नाही. वायर." मग विचारलं, "ओके लिहू का रे?"

मी म्हटलं, "नको तात्या, आकडे लिहा." तेव्हापासून वहीत ओके हा शब्द नाही.