धडा

आमचे चिरंजीव अमेरिकेला निघाले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्यांना काही ना काही दिले. आजीने अंगारा दिला, आईने चार किलो मेतकूट दिले (त्यातले दोन किलो विमानतळावर परत आले), मामाने घड्याळ दिले आणि मी उपदेश दिला. उपदेशाचे वजन सामानात धरत नाहीत म्हणून तेवढा एक नीट पोहोचला.

मी जालन्याच्या मोंढ्यात छत्तीस वर्षे मुनीम होतो. आता निवृत्त होऊन नवीन जालन्यात राहतो. अडतीच्या दुकानात छत्तीस वर्षे घालवलेला माणूस मुलाला दुसरा काय उपदेश करणार? मी म्हणालो, "बाबा रे, कर्ज बँकेचं आहे. पै-पैचा हिशेब ठेव. पावतीशिवाय खर्च म्हणजे चोरी."

"बाबा, तिकडे सगळं कार्डावर नोंदलं जातं."

"कार्ड म्हणजे पक्कं खातं. मला कच्ची पावती पाहिजे."

चिरंजीव ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या गावी पोहोचले आणि पितृवचन पाळू लागले. पहिल्या महिन्याच्या पावत्या त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खोलीतल्या हीटरजवळ ठेवल्या. महिनाअखेर बघतात तो काही पावत्या कोऱ्या आणि काही काळ्याठिक्कर! त्या पावतीच्या कागदावर शाई नसतेच म्हणे. कागदालाच एक लेप असतो आणि ऊब लागली की तो काळा होतो. छपाई अशी उबेने होते. पुढे उन्हाने, तेलकट हाताने नाहीतर प्लॅस्टिकच्या सहवासाने ती पुसट होते आणि जास्त ऊब मिळाली तर सगळा कागदच काळा पडतो. आमच्या चोपड्यांतली काळी शाई पन्नास वर्षे टिकते, आणि हे चंद्रावर माणूस पाठवणारे लोक महिनाभर टिकणारी पावती देतात! तेव्हापासून चिरंजीव दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच पावतीचा फोटो काढू लागले. मित्र आपापले फोटो काढत, हा पावत्यांचे. दर रविवारी ते सगळे माझ्या मोबाईलवर येत. आमची ही म्हणे, "शेजारच्यांचा मुलगा नायगाऱ्याचा फोटो पाठवतो आणि आपला कोथिंबिरीचा."

सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या चार महिन्यांत एका दुकानाच्या पावत्या सर्वांत जास्त आल्या. तिथे शिजवलेले पदार्थ मोठ्या तसराळ्यांतून मांडलेले असतात. आपण पुठ्ठ्याचा डबा घ्यायचा, भात, भाजी, उसळ जे हवे ते भरायचे आणि गल्ल्यावर वजन करून पैसे द्यायचे. भाव एकच, पौंडाला आठ डॉलर नव्याण्णव सेंट. पौंड म्हणजे आपले सुमारे ४५४ ग्रॅम. स्वयंपाकाचा कंटाळा आला की चिरंजीव तिथे जेवत, आणि कंटाळा त्यांना चार महिन्यांत त्रेचाळीस वेळा आला, हे मला पावत्यांवरून कळले.

आता खरी गोष्ट. त्या पावतीवर वजनाच्या खाली एक बारीक ओळ असते. तिच्यात "टेअर" असा शब्द आणि पुढे ०.०५ पौंड असा आकडा. मला शब्द कळला नाही, पण मुनिमाचा डोळा! काही पावत्यांवर ती ओळ होती आणि काहींवर नव्हती. मी रविवारी विचारले, "ही ओळ कधी असते, कधी नसते. काय भानगड आहे?"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, पाच पॉइंटांचं काय घेऊन बसलात?"

"पाच पॉइंट नव्हे. शून्य पूर्णांक पाच शतांश. शोध."

मुलगा माझा असल्याने त्याला स्वस्थ बसवेना. त्याने त्रेचाळीस फोटो एकाखाली एक मांडले. सव्वीस पावत्यांवर ती ओळ होती, सतरांवर नव्हती. आणि त्या सतराही पावत्या रात्री आठनंतरच्या होत्या!

टेअर म्हणजे भांड्याचे वजन. डबा पुठ्ठ्याचा, वजन ०.०५ पौंड, म्हणजे साधारण तेवीस ग्रॅम. गिऱ्हाईक भाताचे पैसे देते, पुठ्ठ्याचे नव्हे, म्हणून एकूण वजनातून तेवढे वजा करायचे असते. हिशेब बघा. डब्यासकट वजन भरले ०.८५ पौंड. डबा वजा जाता राहिले ०.८०, त्याचे झाले सात डॉलर एकोणीस सेंट. डबा वजा केलाच नाही तर सात डॉलर चौसष्ट. फरक पंचेचाळीस सेंटांचा. सतरा वेळचे मिळून सात डॉलर पासष्ट सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये. चिरंजीवांनी सतरा रिकामे डबे भाताच्या भावाने खाल्ले होते.

गंमत अशी, की एकेक पावती घेऊन बसलात तर यातले काहीच दिसत नाही. आज भात जास्त, उद्या उसळ कमी. रक्कम रोज वेगळीच असते आणि गुणाकार तर दर वेळी बिनचूक. चूक बेरजेत नाही, गुणाकारात नाही. जे वजा व्हायला हवे होते ते झाले नाही, एवढीच चूक. न केलेली वजाबाकी एका कागदावर कशी दिसणार? ती दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते.

मी म्हणालो, "रात्रीचा नोकर लबाड आहे!" मोंढ्यातला अनुभव. पण चिरंजीव गेले व्यवस्थापकाकडे. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून दाखवला: ०.०५. मग फोटो दाखवले. निघाले ते भलतेच. गल्ल्यावर प्रत्येक पदार्थाला एक आकडी खूण असते. ती दाबली की यंत्र भावही लावते आणि डब्याचे वजनही आपोआप वजा करते. या मांडणीची जुनी एक खूण यंत्रात राहून गेली होती. तिला भाव बरोबर, पण वजाबाकी शून्य. रात्रीच्या पाळीतल्या पोराला कोणीतरी ती जुनीच खूण शिकवली होती. बिचारा शिकवल्याप्रमाणे दाबत होता. व्यवस्थापकाने माफी मागितली, सात डॉलर पासष्ट परत दिले, जुनी खूण यंत्रातून काढली, आणि वर एक डबाभर जेवण फुकट. त्याचे मात्र वजन केले नाही.

ही चूक त्या एका दुकानाची नव्हे. २०१४ साली कॅलिफोर्नियात होल फूड्स या बड्या दुकानसाखळीने सुमारे आठ लाख डॉलर भरून एक सरकारी दावा मिटवला. त्यात अशाच मांडणीवरच्या डब्यांचे वजन वजा न करणे हाही एक आरोप होता. पुठ्ठा हलका खरा, पण तो लाखो वेळा काट्यावर चढतो.

या विजयाने मी फुगलो. पेढे आणायला सदर बाजारात गेलो. दुकानदाराने खोके काट्यावर ठेवले, अर्धा किलो होईपर्यंत पेढे भरले, झाकण लावले. रोजचेच दृश्य, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत अमेरिका होती. मी म्हणालो, "शेठ, खोक्याचा धडा केला नाहीत."

हा आपला जुना शब्द. पूर्वी गिऱ्हाईक तेलाला घरची किटली घेऊन येई. वाणी आधी रिकामी किटली एका पारड्यात ठेवी, दुसऱ्यात खडे टाकून तोल साधी आणि मग तेल मोजी. याला धडा करणे म्हणत. आता खड्यांऐवजी काट्यावर टेअरचे बटण असते. रिकामे खोके ठेवून ते दाबायचे, की काटा शून्य दाखवतो. ते दाबले की नाही ओळखायची खूणही सोपी आहे: भरलेले खोके उचलले की काट्यावर खोक्याइतका उणे आकडा दिसला पाहिजे. नुसते शून्य दिसले तर समजावे, की खोके पेढ्याच्या भावाने घरी चालले आहे.

"काका, सगळेच असं करतात," शेठ म्हणाले.

"रिकामं खोकं ठेवा बघू."

बावन्न ग्रॅम. पेढे चारशे ऐंशी रुपये किलो. म्हणजे पुठ्ठा पंचवीस रुपयांना पडला! २००९ च्या वैधमापन कायद्याचे नाव काढताच शेठनी आणखी दोन पेढे टाकले आणि म्हणाले, "मुनीमजी, तुम्हीसुद्धा मोंढ्यातलेच ना?"

ते हसून म्हणाले. मी हसत घरी आलो, पण पेढा काही गोड लागेना.

मोंढ्यात आम्ही काय करीत होतो? शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढे, आणि बारदानाचे म्हणून पोत्यामागे एक किलो वजा होई. तागाचे मोठे, क्विंटलभर मालाचे पोते किलोभर भरतेच. तिथवर हिशेब चोख. पुढे पन्नास किलोची लहान पोती आली. माझी लेखणी मात्र हाताला वळण पडल्याप्रमाणे पोत्यामागे एकच किलो वजा करीत राहिली. कोणी सांगितले नव्हते, कोणी अडवले नाही.

एकदा बदनापूरकडच्या एका शेतकऱ्याने हिशेबपट्टी हातात घेऊन विचारले होते, "मुनीमजी, पोतं एवढं जड असतंय का?" मी चष्म्यावरून बघत म्हणालो होतो, "रीत आहे." तो गुमान पट्टी घडी करून गेला.

परवा माळ्यावरून धान्याचे एक लहान पोते काढून, झटकून, हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. पाचशे नव्वद ग्रॅम. म्हणजे पोत्यामागे चारशे दहा ग्रॅम जास्त कापले. दहा पोती मूग आणणाऱ्याचे चार किलो मूग माझ्या रीतीत गेले. एका शेतकऱ्याचे, एका खेपेत. पुढचा गुणाकार मी केला नाही. छत्तीस वर्षे गुणाकार करून पोट भरले, पण तेवढा जमला नाही.

रात्री चिरंजीवांना सगळे सांगितले. पोरगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा, तो रात्रीच्या पाळीतला पोरगा पण लबाड नव्हता हो."

पोराने बापाला सांभाळून घेतले, हे कळण्याइतका मी मुनीम आहे. पण त्या पोराची खूण चार महिन्यांत कोणीतरी काढून टाकली. माझ्या पट्ट्यांचे कोणी फोटो काढले नव्हते.

ही मधेच म्हणाली, "पोत्याचं काय करताय? काट्यावरून उचला, मला साखर मोजायची आहे."

मी उचलले. काटा उणे पाचशे नव्वद दाखवू लागला. चुकून बटण दाबले गेले असावे. पण बराच वेळ मी त्या उणे आकड्याकडे बघत उभा होतो.