श्वासाच्या खुणा

बोलताना माणूस श्वास घेतो, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. ओट्यावर बसून शेजारणीशी तासभर बोलणारी बाई मध्ये कितीदा श्वास घेते, ते तिला विचारा. ती तुमच्याकडे वेड्यासारखी पाहील. पण तीच बाई हातात कागद घेऊन चार माणसांपुढे उभी राहिली, की श्वास हा एकदम मोठा प्रश्न होऊन बसतो. तो नको तेथे येतो, आणि हवा तेथे येतच नाही. कागदावरचे स्वल्पविराम अशा वेळी उपयोगी पडतील असे वाटते. पण ते पडत नाहीत. आपली विरामचिन्हे डोळ्यांसाठी आहेत, छातीसाठी नाहीत. जुन्या मोडी लिखाणात तर शब्दसुद्धा सुटे नसत; ओळ एका दमात धावायची, आणि कोठे थांबायचे ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. पुढे छापखाने आले, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसारख्यांनी ही चिन्हे मराठीत रुजवली, आणि आपली सोय झाली. ती सोय मात्र वाचणाऱ्याची झाली. बोलणाऱ्याला आपल्या खुणा आपणच कराव्या लागतात.

आमची सावंगी वर्ध्याला अगदी खेटून. विनोबांच्या नावाचे मोठे ग्रामीण रुग्णालय गावातच असल्यामुळे येथे डॉक्टरांची भाषणे ऐकायची सवय सर्वांना आहे. पण गावातल्याच कुणी उठून बोलायचे म्हटले, की माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. गेल्या वर्षी गांधीजयंतीच्या ग्रामसभेत आमच्या भागातल्या आशाताईंना साप चावल्यावर काय करावे आणि काय करू नये, यावर दोन शब्द सांगायचे होते. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, सोयाबीन कापणारी माणसे, रात्री पाणी द्यायला शिवारात जाणारी मुले, असे सारे ऐकणार होते. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला मी शेजारी राहतो, म्हणून त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

‘‘काकाजी, मले तर पहिल्याच वाक्यात दम लागते,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हटले, ‘‘वाचून तर दाखवा, ताई.’’

त्यांनी वाचले. मी घड्याळ लावून बसलो होतो. दोनशे चाळीस शब्द त्यांनी दीड मिनिटात संपवले. म्हणजे मिनिटाला एकशे साठ! आपण निवांत समजावून सांगतो तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे सहसा जात नाही. पण वेगापेक्षा दुसरीच गोष्ट मला अधिक खटकली. एक वाक्य असे होते : ‘साप चावलेल्या जागेच्या वरच्या बाजूला दोरी किंवा फडके घट्ट बांधू नका आणि ब्लेडने चिरा देऊ नका.’ मी डोळे मिटून ऐकत होतो. मला ऐकू आले ते इतकेच : ‘दोरी किंवा फडके घट्ट बांधू... ब्लेडने चिरा देऊ...’ दोन्ही ‘नका’ हवेत विरून गेले होते.

आता हे नीट पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. भ्यालेल्या माणसाचा श्वास आखूड असतो, छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, आणि संपतो तोही वाक्याच्या शेवटीच. म्हणजे जेथे अर्थ, नेमका तेथेच आवाज नाही. एरवी यात फारसे बिघडत नाही. आभाराच्या भाषणात शेवटचे ‘मानतो’ ऐकू आले नाही तर आभार पोचतातच. पण येथे ‘बांधू नका’चे ‘बांधू’ झाले, तर मागच्या रांगेतला म्हातारा घरी जाऊन दोरीच बांधायचा! आणि घट्ट दोरीने विष तर अडत नाहीच, उलट हात किंवा पाय निकामी व्हायची भीती असते.

तेव्हा पहिली गोष्ट श्वासाची. श्वास कोठे संपतो ते शांतपणे खुर्चीवर बसून कळत नाही; खुर्चीवरचा श्वास सभेत सोबत येत नाही. मी ताईंना अंगणात भराभर चार फेऱ्या मारायला लावल्या आणि लगेच वाचायला सांगितले. त्या हसल्या, पण त्यांनी केले. जेथे जेथे दम तुटला तेथे तेथे मी पेन्सिलीने टिंब दिले. सहा-सात शब्दांनंतर टिंब येत होते. सभेतला श्वास साधारण एवढाच असतो, आणि वाक्ये त्याच मापाने कापायला हवीत. शिंपी अंगाचे माप घेतो तसे हे माप घ्यायचे. दुसऱ्याच्या मापाचा सदरा येथे चालत नाही.

मग खुणा. फार नाहीत, तीनच. एक तिरकी रेघ म्हणजे क्षणभर थांबा, मनात ‘एक’ म्हणण्याइतके, पण श्वास घेऊ नका. दोन तिरक्या रेघा म्हणजे तोंड मिटा, श्वास घ्या, मग पुढे चला. आणि शब्दाखाली रेघ म्हणजे या शब्दावर वजन द्या. ते लांबलचक वाक्य आम्ही मोडले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत असे मांडले :

साप चावला / तर दोरी बांधू नका //
ब्लेडने / चिरा देऊ नका //
माणसाला / चालवू नका //
उचलून / दवाखान्यात न्या //

दोन रेघा नेहमी ओळीच्या शेवटी येतील असे पाहिले. खरे तर ओळ जेथे संपते तेथेच श्वास, एवढे जमवले की त्या दोन रेघांची गरजच उरत नाही. डोळा पुढच्या ओळीवर उतरतो तेवढ्यात छाती भरते. एक मात्र सांभाळायचे, की पानाच्या तळाशी वाक्य अर्धे तुटता कामा नये. पान उलटताना जो थांबा येतो तो आपला नसतो, कागदाचा असतो; आणि तो ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

आता रेघ कोणत्या शब्दाखाली द्यायची? ताईंनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही ‘नकां’खाली ठळक रेघा ओढल्या. मी म्हटले, वाचा. त्यांनी वाचले, आणि वर्गातल्या वांड मुलांना दटावावे तसे ते ऐकू आले. नका! नका! नका! तीनदा ओरडले की चौथ्यांदा कुणी ऐकत नाही. आपण घरात बोलताना काय करतो? सारखे येणारे शब्द तसेच सोडतो, आणि दर वेळी जे नवे असेल त्यावर वजन टाकतो. ‘दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका.’ वजन ‘दोरी’वर, ‘चिरा’वर, ‘चालवू’वर. म्हणून रेघा तेथे गेल्या. मग ‘नका’चे काय? त्याला वजन नको, पण पूर्ण आवाज हवा, म्हणजेच तेथवर पुरणारा श्वास हवा. यासाठी आम्ही ‘बांधू’ आणि ‘नका’ यांच्या डोक्यावर एक लहानशी कमान काढली : हे दोघे हातात हात घालून जातील, मध्ये तुटणार नाहीत. वजन आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा कळले की निम्मे काम झाले.

वजन म्हणजे ओरडणे नव्हे, हेही सांगावे लागते. वजन द्यायचे ते शब्दाच्या आधी किंचित थांबून आणि शब्द जरा सावकाश उच्चारून. शिवाय मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी येणारा शब्द आपोआपच जड होतो. ‘दवाखान्यात त्याला लगेच न्या’ म्हटले तर जोर ‘लगेच’वर जातो; ‘त्याला लगेच दवाखान्यात न्या’ म्हटले तर ‘दवाखान्यात’वर. आम्हाला मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात, असे सांगायचे होते. म्हणून शब्दाची जागाच बदलली. जेथे शब्द हलवून काम होते तेथे खूण करूच नये. आणि शब्दाला ‘च’ लागला असेल तर रेघ मुळीच नको. ‘दवाखान्यातच’ यात तो ‘च’ आपले काम करून मोकळा झालेला असतो.

एके ठिकाणी मात्र मोठा थांबा आम्ही मुद्दाम ठेवला. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, आणि माणूस पुन्हा झोपी जातो. ‘दुखत नाही’ या शब्दांनंतर दोन रेघा दिल्या, आणि मग पुढचे वाक्य : ‘म्हणून ते साधे समजू नका.’ ऐकणाऱ्याला ‘दुखत नाही, म्हणजे बरेच झाले’ असे वाटायला तेवढी उसंत मिळाली पाहिजे; तरच पुढचे वाक्य त्याला धक्का देते. थांबा हा बोलणाऱ्याच्या दमासाठी असतो तसा ऐकणाऱ्याच्या विचारासाठीही असतो. पण असा थांबा साऱ्या भाषणात एखादाच. सगळे थांबे सारख्याच लांबीचे झाले, की भाषणाची हजेरी होते : एक नाव, एक थांबा, एक नाव, एक थांबा. आणि प्रत्येक शब्दापुढे रेघ दिली तर साधी बाई निवडणुकीला उभी राहिल्यासारखी बोलू लागते.

हे साधले की नाही ते कसे कळावे? आरशात पाहून कळत नाही. ताईंच्या सासूबाईंना आम्ही आतल्या खोलीत बसवले आणि ताईंनी अंगणातून बोलून दाखवले. मग सासूबाईंना विचारले, काय करू नये म्हणाल्या? त्यांनी तीन बोटे मोडून तिन्ही गोष्टी सांगितल्या. वर त्या असेही म्हणाल्या, ‘‘वाचत नव्हती ते, सांगत होती.’’ याहून वेगळी परीक्षा नको. घड्याळात पाहिले तर तेच दोनशे चाळीसच्या आसपास शब्द आता दोन मिनिटे दहा सेकंदांत आले होते. वेग कमी करा, असे मी एकदाही म्हटले नव्हते. थांबे बसले आणि वेग आपसूक उतरला.

आता शेवटची पायरी, आणि ती बहुतेक जण गाळतात. तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा कोरा लिहायचा. ओळी तशाच तोडायच्या, पण रेघा जवळजवळ सगळ्या वगळायच्या. तोवर त्या अंगात भिनलेल्या असतात. कागदावर राहिल्या तर डोळा शब्द सोडून रेघाच वाचतो, आणि आवाजाला आखीवपणा येतो. ताईंच्या शेवटच्या कागदावर फक्त तीन खुणा उरल्या होत्या : मण्यारीनंतरच्या दोन रेघा, ‘बांधू नका’वरची कमान, आणि अगदी वर, पहिल्या शब्दाच्याही आधी, आणखी दोन रेघा. पहिल्या शब्दाआधीचा हा श्वास घ्यायला कुणालाच आठवत नाही. माणूस उभा राहतो, नमस्कार करतो आणि रिकाम्या छातीने सुरुवात करतो. ग्रामसभेत ताई उभ्या राहिल्या, कागदाच्या माथ्याकडे पाहिले, तोंड मिटून श्वास घेतला, आणि मग बोलू लागल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिन्ही ‘नका’ मला स्वच्छ ऐकू आले.