गेला बैल कुणाचा?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीने निघाले की पिंगळीचे स्टेशन लागते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे उतरतो, दादाच्या ओसरीवर चार दिवस लोळतो आणि वर्षभर वर्गात बोलून बोलून शिणलेल्या जिभेला विश्रांती देतो. यंदा मात्र विश्रांती मिळाली नाही. दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, हनोईहून आली होती. जावईबापूंच्या नोकरीमुळे ती तीन वर्षे व्हिएतनामात आहे, तिथल्याच एका कचेरीत कामही करते. तिने तिथल्या म्हणींची एक वही भरून आणली होती. "काका, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. ह्यांच्या जोडीच्या मराठी म्हणी सांगा," असे म्हणून तिने ती वही माझ्या पोटावरच ठेवली.

वही चाळली तर काय, सगळा गोठाच! म्हशी, बेडूक, मांजरे, बदके, मधमाश्या. आणि त्यांत म्हशींचा थाट मोठा. चिखलाच्या भातखाचरात नांगर ओढायला तिथे म्हैसच लागते. तिथल्या राशिचक्रातही चिन्यांच्या बैलाच्या जागी म्हैस आहे आणि सशाच्या जागी मांजर! म्हैस म्हणजे संसाराचे मूळ भांडवल, अशी त्यांची एक म्हणच आहे. आमच्या काळ्या रानात हा मान बैलाचा. म्हशीला आम्ही दूध मागतो आणि वर मंद म्हणून हिणवतो.

पहिली म्हण सोपी निघाली. म्हशीच्या कानाशी वीणा वाजवणे. "गाढवापुढे वाचली गीता," मी पडल्यापडल्याच सांगितले. पण त्यांची म्हैस आणि आमचे गाढव का, ह्याचा विचार करताना मला हसू आले. पैठणला ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवल्यावर म्हैसवर्गाला निर्बुद्ध ठरवायची आमची सोय उरली नसावी. मग बिचाऱ्या गाढवावर पाळी आली. (हे माझे संशोधन. विद्यापीठाने अद्याप मान्य केलेले नाही.)

दुसरी म्हण बाहीत मधमाश्या पाळण्याची. ज्याला जवळ केले त्यानेच डंख मारावा, असा अर्थ. हिच्यापुढे मी उठून बसलो. आपण अस्तनीतला निखारा म्हणतो. अस्तनी म्हणजे बाहीच! हिंदीवाले तिथे साप ठेवतात, आपण विस्तव ठेवतो, ते माश्या ठेवतात. दगा मात्र सगळ्यांना बाहीतच सापडला. अंगरख्याच्या मोठ्या बाहीत माणसे खरेच काहीबाही ठेवीत असत, म्हणून असेल.

इथवर माझी प्रकृती उत्तम होती. मग आली 'घोड्याला जुनी वाट ओळखीची'. मी म्हटले, "वा! इमानी जनावर. गाडीवान झोपला तरी बैल गाडी बरोबर घरी आणतात, तसेच."

पुतणी कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, मीही तेच समजले होते." आणि तिने आपली फजिती सांगितली. तिच्या कचेरीतली एक बाई नोकरी सोडून गेली होती, ती वर्षभराने परत आली. हिने आनंदाने चार माणसांत तिला म्हटले, "ङुअ क्वेन डुओङ कू!" घोड्याला जुनी वाट ओळखीची! बाईचा चेहरा उतरला. आठवडाभर ती हिच्याशी कामापुरते बोलत होती. शेवटी घरमालकिणीने, जिला ही तिकडच्या रीतीने 'बा' म्हणजे आजी म्हणते, उलगडा केला. तुरुंगातून सुटलेला चोर पुन्हा चोरी करतो, दारू सोडलेला पुन्हा गुत्त्याची पायरी चढतो, तेव्हा म्हणायची ही म्हण. घोडा इमानाने घरी येत नाही. तो आपल्या जुन्या खोडीकडे वळतो! म्हणजे हिची खरी जोड आमचा घोडाही नाही नि बैलही नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही आहे. जनावराला जनावर जुळवायला गेले की असे होते. म्हण कोण, कुणाला, कशावरून म्हणतो ते आधी विचारावे लागते.

ह्या तत्त्वावर मी लगेच एक व्याख्यान दिले आणि लगेचच तोंडघशी पडलो. वहीत 'बदकाच्या डोक्यावर पाणी' अशी म्हण होती आणि तिच्याच अर्थाची म्हणून शेजारी 'अळवाच्या पानावर पाणी'. मी म्हटले, "ही तर आपलीच! अळवावरचे पाणी. जीवित क्षणभंगुर आहे." पुतणी म्हणाली, "नाही काका. कितीही शिकवा, आत काही शिरत नाही." म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! पान तेच, थेंब तोच. आम्ही त्या थेंबाकडे पाहून विरक्त झालो. त्यांनी पानाकडे पाहिले आणि ते शिकवण्या घेणाऱ्या मास्तरासारखे वैतागले. पंचवीस वर्षे शिकवून मला त्यांचेच बरोबर वाटू लागले आहे.

शेवटची म्हण वाचून तिने विचारले, "गाय हरवल्यावर गोठा बांधायची काळजी. ही आपली 'बैल गेला नि झोपा केला' ना? पण ते गोठा बांधतात, आणि आपण झोपतो कसे?"

मी घसा साफ केला. "झोप म्हणजे निष्काळजीपणा. मालक झोपला, म्हणून—"

"मास्तर!" खांबाला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरणारा दादा इतका वेळ गप्प होता. "झोप कुठली? झोपा म्हणजे दार. गोठ्याचं दार."

आणि तो उठून आम्हांला मागच्या गोठ्यात घेऊन गेला. भिंतीला एक जुनी चौकट टेकवून ठेवली होती: तुराट्या एकमेकींत विणलेल्या, आडव्या काठ्यांना अंबाडीच्या वाखाने आवळलेल्या. अर्धी वाळवीने खाल्लेली.

"हा झोपा. आपला ढवळ्या चोरीला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी बांधला."

"चोरीला? तो तर विकला होता ना?"

मी तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एम. ए.ला होतो. बाबांचे पत्र मला अजून आठवते. ढवळ्या विकला, भाव बरा आला, तू फीची चिंता करू नकोस. पैसेही आले होते.

"तुला तसंच लिहिलं," दादा म्हणाला. "पैसे मामांकडून घेतले होते. खरं लिहिलं असतं तर तू परीक्षा टाकून आला असतास. बाबा दिवसभर तुराट्या विणत बसले आणि आजी ओट्यावरनं हीच म्हण ऐकवत होती. त्यांनी वर मान केली नाही."

मी त्या चौकटीला हात लावला. वाख हातात भुगा होऊन आला. परीक्षेत मला म्हणी आणि वाक्प्रचार ह्यांवर प्रश्न होता आणि मी तो चांगला सोडवला होता.

पुतणी वहीत लिहीत होती. "बाबा, त्यांचा शब्द चुओङ. चुओङ म्हणजे अख्खा गोठा, नुसतं दार नाही."

"मग त्यांना गोठाच नव्हता," दादा विचार करून म्हणाला. "आपल्याला गोठा होता, दार नव्हतं." आणि दावणीला बांधलेल्या लाल कंधारी गाईचे दावे त्याने एकदा ओढून पाहिले.