सोयीने

अनुवादकाकडे लोक कविता घेऊन येतात, क्वचित कादंबरी. 2019च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, आमच्या मैसूरच्या गल्लीतले एक हिशेबनीस माझ्याकडे वसुलीचं पत्र घेऊन आले. अगरबत्तीच्या एका जुन्या पेढीत ते तीस वर्षं खातेवह्या सांभाळत होते. पत्र कन्नडमध्ये लिहिलेलं, ते मराठीत हवं होतं. जायचं होतं सांगलीला, पूजासाहित्याच्या एका दुकानदाराकडे. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. इतकी वर्षं दोघांचं मोडक्या हिंदीत फोनवर भागत होतं. "पण हे फोनवर बोलायचं नाही, अम्मा," ते म्हणाले. "आणि हिंदीत तर नाहीच."

त्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. अगरबत्तीचं पाण्याशी किती वाकडं आहे ते मला त्यांच्याकडून कळलं. कोळशाची पूड आणि सुगंधी मसाला बांबूच्या काडीवर धरून ठेवतो तो जिगट, एका झाडाच्या सालीची चिकट पूड. पाण्यात तोच सुटतो. पाणी ओसरल्यावर पुठ्ठ्याच्या लगद्यात नुसत्या काड्या सापडतात.

दोन बिलं थकली होती. 20 जूनचं 38,640 रुपयांचं आणि 12 जुलैचं 47,250 रुपयांचं. श्रावण आणि गणपतीसाठी भरलेला माल, मुदत तीस दिवसांची. सप्टेंबरात हिशेबनीसांनी एकदा फोन केला, तो ख्यालीखुशाली विचारायला. पैशांचा विषय काढला नाही. ऑक्टोबरात दुकानदाराचाच फोन आला: भिजलेला माल परत आला असं दाखवून तेवढी रक्कम वजा करता येईल का? आणि आता मालक म्हणत होते, वकिलाची नोटीस पाठवा.

मी एका बैठकीत मसुदा मराठीत केला आणि, खरं सांगायचं तर, थोडा सुधारलाही. मूळ पत्र मला कोरडं वाटलं होतं. 'स.न.वि.वि.' घातलं, पुराबद्दल दोन ओळी वाढवल्या, आणि जिथे तारीख होती तिथे लिहिलं, 'आपल्या सोयीने भरणा करावा.' 'थकबाकी' खोडून 'येणे बाकी' केलं. थकबाकी म्हटलं की समोरचा माणूस गुन्हेगार होतो, येणे बाकी ही नुसती वहीतली एक बाजू असते. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाला असल्या फरकांचा फार अभिमान असतो.

त्यांनी मला पत्र वाचून कन्नडमध्ये परत सांगायला लावलं. 'येणे बाकी' त्यांना आवडलं. 'सोयीने'वर थांबले.

"सोय म्हणजे कधी?"

मी म्हटलं, अडचणीतल्या माणसाला तारीख कशी घालायची? त्यावर ते जे म्हणाले त्यात 'दाक्षिण्य' हा शब्द होता. मराठीत दाक्षिण्य म्हटलं की आपल्याला स्त्रीदाक्षिण्यच आठवतं. कन्नडमध्ये मात्र समोरच्याला 'नाही' म्हणताना जीभ अडखळते, त्या अडखळण्याला दाक्षिण्य म्हणतात. आपल्याकडची भीड. "हे दाक्षिण्य तुमचं आहे, त्यांच्या उपयोगाचं नाही," ते म्हणाले. त्या दुकानदारासमोर आज पाच-सहा देणेकरी उभे असतील: जागेचं भाडं, बँक, सुतार, इतर पेढ्या. कुणाला आधी आणि किती द्यायचे हे त्याला रात्री बसून ठरवायचं आहे. 'सोयीने' लिहिणारा त्या यादीत शेवटी जातो, आणि शेवटपर्यंत दुकानदाराच्या मनात टोचत राहतो. मग तो फोन उचलणं बंद करतो. पेढीतली बहुतेक जुनी खाती अशीच तुटली, भांडण होऊन नव्हे.

मग त्यांनी मला मसुद्याची मांडणी समजावली. मला कोरडी वाटली होती ती जागा खरं तर विचारपूर्वक केलेली होती. दोन बिलांची बेरीज त्यांनी पत्रात कुठेच केली नव्हती. जूनच्या बिलाची मुदत 20 जुलैला संपली होती, पुराच्या आधी. तो माल बहुतेक विकला गेला होता. म्हणजे ते पैसे पाण्यात गेले नव्हते, उशीर झाला होता. तिथे पत्र ठाम: 15 डिसेंबरपर्यंत पूर्ण रक्कम. जुलैचा माल मात्र दुकानात होता आणि त्याची मुदत पुराच्या आठवड्यातच संपत होती. त्याचे पाच हप्ते, जानेवारी ते मे, प्रत्येकी 9,450. बिलावर छापलेलं 18 टक्के व्याज दोन्ही तारखा पाळल्यास माफ. पहिलं बिल फिटेपर्यंत नवा माल रोखीने, पण माल बंद नाही. यातलं व्याज सोडायचा अधिकार कारकुनाला नसतो. ते आधी मालकांपुढे बसून वकिलाची नोटीस थांबवून आले होते, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

आणि परत आलेल्या मालाचं काय? एकदा माल पोचला की तो घेणाऱ्याचा, नुकसानही त्याचं. न आलेला माल आला असं दाखवणं म्हणजे खोटी क्रेडिट नोट, करखात्यापुढे दोघंही अडकणार. हे त्यांनी एका वाक्यात लिहिलं होतं, 'ते आम्हाला करता येणार नाही', आणि मला ताकीद दिली की यापुढे 'क्षमस्व' जोडू नका. क्षमा मागितली की वाटतं, अजून थोडं ओढून बघावं.

शेवटी बाकी मान्य असल्याची चिठ्ठी होती, सही करून परत पाठवायची. इथे मी अडले. मला माहीत होतं की उधारीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो आणि त्या मुदतीत कर्जदाराने लेखी कबुली सही करून दिली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पुरातून वर आलेल्या माणसाकडून गोड पत्राखाली अशी सही घ्यायची? ते जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "हो, ती आमच्यासाठी आहे. म्हणून तसं लिहा." मग आम्ही वाक्य घातलं: 'ही चिठ्ठी आमच्या हिशेबासाठी आहे. रक्कम चुकीची वाटल्यास सही करू नये, आपल्या वहीतली रक्कम कळवावी.' त्या पत्रातलं हे एकच वाक्य माझं म्हणता येईल. पुराच्या माझ्या दोन ओळींतली एक राहिली.

चिठ्ठी सही होऊन आली. जूनच्या बिलाचे पैसे 18 डिसेंबरला आले, तीन दिवस उशिरा. व्याज लावलं का, असं मी विचारलं, तर ते नुसते हसले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तीन हप्ते आले. मग देशभर टाळेबंदी लागली आणि एप्रिलचा आला नाही, मेचाही नाही.

जूनमध्ये ते फाटकाशी आले, तोंडाला रुमाल बांधून. घडी केलेला कागद त्यांनी फाटकाच्या गजांतून आत सरकवला. मसुदा पाच ओळींचा होता. दुसऱ्याच ओळीत आकडा होता, 18,900, आणि पुढे तारखेची जागा रिकामी.

"तारीख?" मी विचारलं.

"ती या वेळी त्यांनाच विचारायची आहे," ते म्हणाले. "पण 'सोयीने' नको."