मेलवरचे शिक्के

आजोबांच्या ट्रंकेत मुंबईहून आलेली पोस्टकार्डं होती. प्रत्येकावर दोन शिक्के: एक जिथून निघालं तिथला, दुसरा उंब्रजचा. आजोबा मजकुराआधी शिक्के बघायचे. पत्र उशिरा लिहिलं की वाटेत रखडलं, हे त्यांना तिथंच कळायचं. उंब्रजमध्ये महामार्गालगत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना मी तेच काम करतो, फक्त शिक्के मेलवरचे असतात.

२०२४च्या मार्चमधली गोष्ट. ठिबक सिंचनाचं सामान विकणारे एक दुकानदार संध्याकाळी आले, चेहरा उतरलेला. एका संस्थेला कोटेशन पाठवायचं होतं, मुदत पाच वाजेपर्यंत. संस्थेचं म्हणणं, मेल रात्री आठनंतर आला आणि तुम्ही वेळ खोटी सांगताय. "दादा, मी साडेचारनंतर लगेच पाठवलाय. माझ्या सेंटमध्ये वेळ दिसतेय की!"

सेंटमधली प्रत इथं उपयोगाची नाही. ती दुकानातून निघालीच नाही, त्यामुळे तिच्यावर वाटेतला एकही शिक्का नाही. पोचलेली प्रत हवी, तीही मूळ स्वरूपात. नुसती फॉरवर्ड केली तर जुने शिक्के गळून पडतात. संस्थेतल्या लेखनिक ताईंना फोन केला, त्यांनी जीमेलमधले तीन ठिपके दाबून, 'Show original' उघडून ती फाइल उतरवून पाठवली. नावं बदलून त्यातला कामाचा भाग असा:

```
Received: from relay.example.net (203.0.113.25)
  by mx.example.org; Tue, 12 Mar 2024 14:41:07 +0000
Received: from [192.168.1.7]
  by relay.example.net; Tue, 12 Mar 2024 16:38:52 +0530
Date: Tue, 12 Mar 2024 16:38:40 +0530
```

मेल ज्या सर्व्हरवरून जातो तो आपली `Received` ओळ सगळ्यांच्या वर चिकटवतो. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची `Date` ही पाठवणाऱ्याच्या यंत्राची वेळ. यंत्राचं घड्याळ मागे करून ती कोणीही बदलू शकतो, म्हणून मी ती पुरावा धरत नाही. तिच्या वरची ओळ त्यांच्या मेल कंपनीच्या सर्व्हरची, तिची वेळ ४:३८.

वरच्या ओळीत १४:४१ बघून दुकानदार आनंदले, "म्हणजे पाचच्या आधीच पोचला!" इथंच माणूस फसतो. शेवटी `+0000` आहे, म्हणजे ती वेळ ग्रीनिचची. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून १४:४१ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८:११. दोन्ही वेळा आधी एका घड्याळावर आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. मेल मधल्या टप्प्यात तीन तास बत्तीस मिनिटं अडकला होता. दुकानदार खरं बोलत होते आणि संस्थाही खरं बोलत होती.

का अडकला, ते मात्र हेडर सांगत नाही. ते दुकानदारांच्या मेल कंपनीच्या लॉगमध्ये सापडलं. संस्थेच्या सर्व्हरने अनोळखी सर्व्हर पाहून ४५१ असं उत्तर दिलं होतं, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. स्पॅम पाठवणारे बहुधा परत येत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर परत येतो, म्हणून ही चाळणी लावतात. पण परत कधी यायचं हे पाठवणारा सर्व्हर ठरवतो, आणि यांचा दर खेपेला जास्त थांबत गेला.

संशयाचा मेल असेल तर मी उलटा, वरून खाली उतरतो. आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर विश्वास ठेवायचा. त्या ओळीतलं `from` नंतरचं नाव समोरचा सर्व्हर स्वतःच सांगतो, ते खोटं असू शकतं, पण कंसातला आयपी पत्ता आपल्या सर्व्हरने स्वतः नोंदवलेला असतो. मग एक पायरी खाली उतरायचं आणि तिथलं `by` वरच्या `from`शी जुळतं का ते बघायचं. जिथं साखळी तुटते, तिथून खालचं सगळं भामट्याने आधीच लिहून ठेवलेलं असू शकतं. आणि आयपी मिळाला म्हणजे घर सापडलं असंही नाही. `192.168.1.7` सारखा पत्ता तर माझ्या दुकानातही असेल आणि तुमच्या घरातही. शिवाय खऱ्या माणसाचं खातंच चोरून मेल पाठवला असेल तर सगळे शिक्के खरेच निघतात. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर म्हणूनच हेडर बघून झाल्यावरही मी जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करायला लावतो.

संस्थेचा नियम 'पोचण्याची वेळ' असा होता, त्यामुळे कोटेशन उघडलं गेलं नाही. वेळ खोटी सांगितल्याचा शेरा मात्र त्यांनी फाइलमधून काढला. तुमच्याकडे असा मेल आला तर एवढं करा: तो पुसू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ फाइल उतरवून ठेवा.