नदीकाठची सपाट जागा, एक फोटो अन् भाच्याचा तंबू



आजची नोंद पिकाची नाही, पण शेताचीच आहे. माझं चुकलं कुठं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळंल.

माझी बहीण अंबाजोगाई तालुक्याच्या दक्षिण कडेला, मांजरा नदीच्या काठी दिलेली आहे. भाचा पुण्याला नोकरीला. दिवाळीच्या तोंडावर त्यानं मला मोबाईलवर एक फोटो धाडला. त्यांच्याच शेताच्या खाली, नदीला लागून एक सपाट मोकळी जागा. बारीक वाळू-गाळाची, झाडझुडूप नाही, दगड नाही, कडेला दोन बाभळी अन् पलीकडं संथ पाणी. खाली लिहिलं होतं, “मामा, नवा तंबू घेतलाय. सुट्टीत पोरांना घेऊन एक रात्र इथं राहायचं म्हणतोय. जागा कशी वाटते?”

मी बघितलं अन् लगेच अंगठा टाकला. वर लिहिलं, “एक नंबर जागा.”

आता आम्ही घाटनांदूरची माणसं. आमच्याकडं बालाघाटाचा माळ, रेल्वे आहे पण गावाला मोठी नदी नाही. पाणी दिसलं की आम्हाला बरंच वाटतं. फोटो बघताना मी फक्त पाणी बघितलं.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. “तुम्ही हो म्हणलात म्हणून तो माझं ऐकंना. मी त्याला म्हणलं, नदीत झोपायचंय का? तर म्हणतो, नदीत कुठं, काठावर हाय की. एकदा फोटो नीट बघा अन् मग बोला.”

मी फोटो मोठा करून परत बघितला. दाजी फोनवर सांगत गेले अन् मला दिसत गेलं.

पहिली गोष्ट बाभळीची. खालच्या फांद्यांत पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या अन् चिंध्या अडकलेल्या होत्या. वाऱ्यानं उडून आलेला कचरा झाडाच्या सगळ्या बाजूंनी, वर-खाली कसाही अडकतो. हा मात्र सगळा एका उंचीला होता, अन् वरच्या अंगाच्याच बाजूनं गुंडाळलेला. म्हणजे पाणी तिथवर आलं होतं. झाडाखाली दाजींचा बैल उभा होता, त्याच्या वशिंडापेक्षा कचरा वर होता. तंबूची उंची साडेचार फूट. हिशोब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट, जागा एवढी सपाट अन् साफ का? कुणी झाडलेली नव्हती. तिथं नदीला वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर असतो, तो काठ तुटत जातो. आतल्या अंगाला पाणी मंद होतं अन् गाळ-वाळू टाकून देतं. त्या गाळाचा सपाट ओटा तयार होतो. झुडूप नाही, कारण ते मोठं व्हायच्या आत दर पावसाळ्यात पाणी नेतं. जी गोष्ट फोटोत चांगली दिसत होती, तीच खरं तर पुराची खूण होती.

तिसरी गोष्ट तारखेची. फोटो मे महिन्यातला. तेव्हा नदीत पाणी तळाला होतं. ऑक्टोबरात वर धनेगावचं मांजरा धरण भरलेलं असलं, तर वरून येणारं पाणी धरणात थांबत नाही, ते खाली सोडावं लागतं. आपल्या डोक्यावर चांदणं असलं तरी वर कुठं पाऊस झाला तर आपल्यापुढची नदी चढते. २०२१ च्या २८ सप्टेंबरला धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडले होते, ते मांजराकाठचं कुणी विसरलेलं नाही. एवढं दर साली होत नाही. पण तंबूतल्या माणसाला बुडवायला १८ दरवाजे लागत नाहीत.

मी भाच्याला फोन लावला. म्हणलं, “माझा अंगठा मी परत घेतो.” तो हिरमुसला. पोरांना नदी दाखवतो म्हणून कबूल केलेलं. मग ठरलं की मीही जायचं अन् जागेवर बघायचं.

जाऊन बघितलं तर खालची जागा सरळसुद्धा नव्हती. उभ्यानं फोटो काढला की उतार दिसत नाही. तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ नदीकडं पळालं. पोरांनी तोवर तिथं तीन दगडांची चूल मांडून टाकली होती. मी म्हणलं, राहू द्या चूल, खुणेला कामी येईल.

वर शेतात सोयाबीन निघालेलं होतं. भाचा म्हणला, इथं लावू. पण सोयाबीनची धसकटं म्हणजे तिरक्या कापलेल्या खिळ्यांसारखी. ट्रॅक्टरचं टायर पंक्चर करतात, तिथं तंबूचा पातळ तळ काय टिकणार? शिवाय काळी जमीन. एक सर आली की पाणी मुरत नाही, चिखल होतो अन् खुंट्या ढिल्या पडतात.

तेव्हा बहिणीच्या सासूबाई बोलल्या. पंच्याऐंशीच्या आसपास वय. “खळ्यावर लावा की. तिथं पाणी थांबलेलं म्या कधी बघितलं न्हाई.”

खळ्याची जागा म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला, नदीच्या ओट्यापासून अंदाजे पंधरा फूट उंच. आता मळणीयंत्र आल्यापासून तिथं कुणी खळं करत नाही, पण मुरूम अजून घट्ट आहे. जुन्या माणसांनी ती जागा दोन गोष्टी बघून निवडलेली. धान्याची रास भिजू नये म्हणून पाणी चारी बाजूंनी निघून जाईल अशी उंच, अन् उफणायला वारं लागतं म्हणून उघडी. यातली पहिली गोष्ट तंबूला सोन्यासारखी. दुसरी मात्र आडवी येते. जिथं वारं, तिथं तंबू उडतो. त्यामुळं खरं काम तिथं सुरू झालं.

तंबूचा तळ सात बाय आठ फूट. आम्ही दहा बाय दहाची जागा खुरप्यानं साफ केली, खडे वेचले. मग भाचा अन् मी त्या जागेवर आडवे झालो. डोकं कुठं केल्यावर बरं वाटतंय ते बघितलं. थोडा उतार राहतोच, डोकं चढाला ठेवायचं. डोकं उताराला गेलं की रात्रभर डोकं जड होतं.

मग ताडपत्री. भाच्यानं मोठी ताडपत्री आंथरून वर तंबू ठेवला, चारी बाजूंनी वीतभर ताडपत्री बाहेर. दिसायला झकास. पण पाऊस आला की तंबूवरचं पाणी त्या बाहेरच्या काठावर पडतं अन् वाहत आत, आपल्या खाली जातं. ताडपत्रीच जणू पाण्याचा पाट बनते. म्हणून बाहेरचा काठ आत दुमडून घेतला, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच.

खुंट्यांचं काम अवघड गेलं. तंबूसोबत आलेल्या बारीक खुंट्या मुरमात वाकल्या. दाजींनी पहार आणली. पहारीनं आधी भोक पाडलं, मग लोखंडी सळईचे हातभर तुकडे ठोकले. खुंटी तंबूकडं झुकवायची नाही, तंबूच्या उलट अंगाला डोकं करून तिरकी ठोकायची, म्हणजे दोरीचा ताण आला की ती जमिनीत घट्ट धरते. बैलाची खुंटी आपण उगंच तिरकी ठोकत नाही. दोन कोपऱ्यांना मुरूम फारच कठीण लागला. तिथं खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून दोरी गोणीला बांधली. नदीकाठच्या वाळूत खुंटी उपसून येते, तिथंही हीच गोणी उकरून पुरता येते. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला केलं, अन् बुटकी पाठ वाऱ्याकडं.

चूल तंबूपासून पंधरा-वीस पावलं लांब अन् वारं जिकडं जातं त्या अंगाला, म्हणजे ठिणगी तंबूवर यायची नाही. संडासला नदीच्या उलट दिशेला, पाण्यापासून दोनशे फुटांच्या पलीकडं खड्डा. पोरांना सांगितलं, तंबूची चेन कायम बंद, अन् चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

दिवस मावळल्यावर पोरांना घेऊन खाली नदीवर गेलो, बसलो, गप्पा मारल्या, परत वर आलो. तिथंच एक फरक अंगाला कळला. खाली गारठा, वर जरा उबदार. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली सरकते अन् नदीच्या खोलगटात साठते. दव तिथंच जास्त. खोलगटातल्या पिकावर सकाळी दव उशिरापर्यंत राहतं अन् रोग आधी तिथं दिसतो, हे आपण दर साली बघतो. माणसालाही तोच नियम.

रात्री दोनच्या सुमाराला नातू ओरडला, “पाऊस आला!” आतून थेंब पडत होते. बाहेर चांदणं. भाच्यानं थंडी लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. चार माणसांच्या श्वासाची वाफ गार कापडाला लागून पाणी झाली. वरच्या दोन्ही खिडक्या चार बोटं उघडल्या, अंगावर एकेक गोधडी वाढवली, थेंब थांबले. थंडीसाठी तंबूत शेगडी मात्र कधी न्यायची नाही. बंद जागेत तिचा वायू माणसाला झोपेतच नेतो.

संध्याकाळी दाजींना गावातून निरोप आला होता की वरून पाणी वाढवलंय. त्यांनी तो आम्हाला सांगितला अन् झोपले. आम्हीही झोपलो, कारण पंधरा फूट वर होतो. पुण्याहून थेट येऊन खाली कुणी पाहुणा उतरला असता, तर त्याला हा निरोप कुणी दिला असता?

सकाळी पोरं पळत खाली गेली अन् तशीच थांबली. मी मागून गेलो. फोटोतली सपाट जागा दिसत नव्हती. पाणी फार नव्हतं, घोट्याच्या वर असेल. त्यात चुलीच्या तीन दगडांची नुसती डोकी दिसत होती.

भाचा काही बोलला नाही. मोबाईल काढला अन् मेमधला फोटो जिथून काढला होता, त्याच जागेवरून दुसरा काढला. मला दोन्ही धाडले. आता कुणी नदीकाठच्या जागेचा फोटो पाठवून “कशी वाटते?” विचारलं, तर मी अंगठ्याच्या आधी तीन गोष्टी विचारतो. फोटो कोणत्या महिन्यातला? झाडाला कचरा किती उंचीवर अडकलाय? अन् जवळचं जुनं खळं कुठं हाय?