रात्री खाली उतरणारं पाणी

आमच्या शाळेच्या गच्चीवर पाच हजार लिटरची एक काळी टाकी आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना मी गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या फेब्रुवारीत मी मुलांना विचारलं, “या टाकीतलं किती पाणी आपण रोज वापरतो?” कुणी म्हणालं शंभर लिटर, कुणी म्हणालं पूर्ण टाकी. एकानं विचारलं, “मॅडम, मीटर कुठाय?” मीटर नव्हताच. मग आपणच मोजायचं ठरलं. कमी पाणी वापरणाऱ्या वर्गाला बक्षीस, असंही मी उत्साहात जाहीर करून टाकलं. त्या बक्षिसाकडे नंतर येते.

इंदूरच्या बऱ्याच भागात नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. आमच्याकडे ते आधी खालच्या हौदात पडतं आणि मोटरनं वर चढतं. टाकीत डोकावायला मुलांना गच्चीच्या कडेला चढवणं मला मान्य नव्हतं. आठवीतल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यानं घरून भिंतीची पातळी बघायची पारदर्शक नळी आणली. प्लंबरनं ती टाकीच्या खालच्या तोटीला जोडून दिली आणि टाकीशेजारी उभी बांधली. टाकीत जेवढं पाणी, तेवढंच नळीत. नळीमागे मुलांनी कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा केल्या.

एका सेंटीमीटरमागे किती लिटर, हा आठवीचा वृत्तचितीचा धडाच होता. टाकीला दोरी गुंडाळली तर घेर भरला 5 मीटर 65 सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे 90 सेंटीमीटर. हिशेबानं एका सेंटीमीटरला साधारण 25.4 लिटर निघाले. पण टाकीच्या अंगावर वळ्या असतात आणि भिंतीला जाडी असते, म्हणून नुसत्या सूत्रावर विसंबायचं नाही असं मी सांगितलं. बाकीचे सगळे नळ बंद ठेवून मुलांनी खालच्या एकाच नळानं वीस लिटरच्या दहा बादल्या भरल्या आणि मागच्या बागेत ओतल्या. नळीतलं पाणी आठ सेंटीमीटर उतरलं. दोनशे लिटरला आठ, म्हणजे सेंटीमीटरला 25. सूत्र आणि बादली इतकी जवळ आलेली पाहून मुलं टाळ्या वाजवायला लागली. मलाही तितकाच आनंद झाला होता.

पहिल्या दिवशी सकाळी सातला आणि दुपारी दोनला पातळी लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारचा आकडा सकाळपेक्षा जास्त आला. शाळेनं दिवसभर पाणी वापरलं आणि टाकी मात्र भरली! मधल्या तासाला शाळेच्या शिपाईकाकांनी मोटर लावली होती. मग काकांशी बोलून ठरवलं की मोटर सकाळी सातच्या आधी एकदाच लावायची आणि लावण्याआधीही पातळी लिहायची. एखाद्या दिवशी मध्येच लावावी लागली, तर त्या दिवसाची नोंद वहीत खोडायची, दुरुस्त करायची नाही. त्यानंतर आकडे स्थिर झाले. शाळेच्या वेळेत टाकी रोज साधारण 96 सेंटीमीटर उतरत होती, म्हणजे 2400 लिटर. शिक्षक धरून आम्ही तीनशेच्या वर, तेव्हा माणशी आठ लिटर. मोठ्या मॅडमनी वही पाहिली आणि म्हणाल्या, “दिवसाच्या शाळेसाठी माणशी 45 लिटर धरतात. आपण तर कितीतरी खाली आहोत, मग आणखी काय वाचवायचं?” बोलणं चुकीचं नव्हतं. पण ते 45 लिटर इमारत बांधताना टाक्या आणि नळ केवढे हवेत हे ठरवायला धरतात. खरा वापर आठ लिटरचा असताना त्यातले किती कारणाविना जातात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मुलांना चोर माहीत होता. हात धुण्याच्या जागेचा डावीकडचा नळ सारखा ठिबकत असे. चित्रकलेच्या तासाला त्यावर पोस्टरही काढून झालं होतं. मी म्हटलं, आधी मोजा. त्यांनी नळाखाली बाटली धरली. तासाभरात पाव लिटर जमलं, म्हणजे दिवसाला सहा लिटर. वायसर बदलायचा तो बदललाच, पण दोन हजार चारशेपुढे सहा म्हणजे काय, हे मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शाळा सुटताना बाटल्यांत उरलेलं पाणी नाल्यात ओतलं जातं, हे सातवीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं. फाटकापाशी ड्रम ठेवला, त्यावर फाटक्या ओढणीची गाळणी बांधली. पहिल्याच दिवशी साठेक लिटर जमलं. ते कुंड्यांना आणि फरशी पुसायला पुरतं. ही युक्ती अजून चालू आहे आणि मला ती फार आवडते.

खरा शोध मात्र वहीतच पडून होता आणि कुणी पाहिला नव्हता. दुपारी दोनचा आकडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावण्याआधीचा आकडा, यांची वजाबाकी आम्ही करतच नव्हतो. शाळा बंद असताना काय मोजायचं? सहावीतल्या एका मुलीनं चुकून तीच वजाबाकी केली आणि घाबरत मला दाखवली. 18 सेंटीमीटर, म्हणजे 450 लिटर. रिकाम्या शाळेत, रात्रभरात! मी म्हटलं, मागची पानं बघ. प्रत्येक रात्री सतरा, अठरा, अठरा. शहराच्या पाणीपुरवठ्यातले अभियंते गळती शोधताना मध्यरात्रीनंतरचा प्रवाह का मोजतात, ते मला त्या दिवशी खरं समजलं. सगळे झोपलेले असताना जे वाहतं, ते बहुतेक कुणाच्याच वापरातलं नसतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर चार मुलं, काका आणि मी थांबलो. सगळीकडे शांतता. पंख्यांचा आवाज नाही, दंगा नाही. आम्ही एकेका नळापाशी जाऊन कान देत होतो. अडीचच्या सुमाराला मुलग्यांच्या मुतारीतून घळघळ आवाज आला आणि थांबला. आत कुणी नव्हतं. भिंतीवर उंच बसवलेली ती दहा लिटरची आपोआप फ्लश होणारी टाकी होती. तिच्यात बारीक कॉकमधून पाणी सतत पडत राहतं. ठरावीक उंचीला आलं की सायफन सुरू होतो, टाकी एका दमात रिकामी होते आणि पुन्हा भरायला लागते. माणूस असो वा नसो. मुलांनी घड्याळ लावलं. दोन फ्लशमध्ये तेवीस मिनिटं. दोन ते सकाळी सात म्हणजे सतरा तास, 1020 मिनिटं. त्यात चव्वेचाळीस फ्लश, 440 लिटर. आमचा आकडा होता 450. रविवार धरून आठवड्याला तीन हजार तीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे शाळेच्या एका पूर्ण दिवसाच्या वापराहून जास्त पाणी. कुणाच्याही डोळ्यांदेखत नाही, म्हणून कुणीच बोललं नव्हतं.

हे पाणी कुठून येतं ते मी त्याच आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेतून उचललेलं पाणी विंध्याचा घाट चढून वांचू पॉइंटपर्यंत नेतात, तिथून पुढे ते उतारानं इंदूरला येतं. नळानं ते सुमारे सत्तर किलोमीटर चालतं आणि नदीपासून पाचशे मीटरच्या आसपास चढतं. 1978 च्या आधी शहर यशवंत सागर आणि बिलावलीसारख्या तलावांवर होतं. हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलायला नुसत्या हिशेबानं सव्वा युनिटच्या वर वीज लागते, आणि पंपातला आणि नळातला तोटा धरला तर दोन युनिट तरी. म्हणजे आमची मुतारी रोज रात्री जवळपास एक युनिट वीज जलूदहून आणून सांडत होती. दहा वॅटचा दिवा तेवढ्यात नव्वद-शंभर तास जळतो. म्हणूनच महापालिकेनं 2023 मध्ये हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले आणि ते जलूदच्या साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी आहेत, हे मुलांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, “मग आमचा कॉक बंद केला तर तेवढं सूर्याचं काम कमी होईल ना?”

कॉक बंद करायचा, हे सगळ्यांना सुचलं. पण रोज दुपारी आठवणीनं बंद करणार कोण आणि सकाळी उघडणार कोण? पाटी लावली, काका दोन दिवस विसरले. त्यांच्यावर आधीच दहा कामं असतात. तेव्हा सहावीतल्याच एका मुलानं सांगितलं, “फाटकाच्या कुलपाची किल्ली त्या कॉकच्या दांडीला टांगायची. किल्ली घ्यायला तिथे जावंच लागेल, गेलं की बंद करायचा. सकाळी किल्ली परत अडकवताना उघडायचा.” एक खिळा नाही, एक पैसा नाही. काकांनी लाल नाडी आणून किल्लीला बांधली. पहिल्या रात्रीची घट एका सेंटीमीटरच्या आत आली.

याला एक मर्यादा आहे आणि ती आम्हाला वासानं कळली. मोठ्या सुट्ट्यांत पाणी बंद राहिलं की मुतारीच्या खालच्या वाकातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. आता सुट्टीत काका आठवड्याला एक बादली ओततात.

आता ते बक्षीस. मोजणीच्या दुसऱ्या आठवड्यात आठवीनं दिलेला स्वतःच्या वर्गाचा आकडा फार झपाट्यानं उतरला. मला शंका आली. मधल्या सुट्टीत एका मुलीला विचारलं, “बाटली भरलीस का?” ती म्हणाली, “मॅडम, आम्ही ठरवलंय, शाळेत पाणी प्यायचं नाही. आमचा वर्ग पहिला येईल.” माझ्या अंगावर काटा आला. शाळेचं स्वच्छतागृह टाळायला म्हणून मुली आधीच कमी पाणी पितात, त्यात मी त्यांना आणखी एक कारण दिलं होतं. त्याच दिवशी मी वर्गावर्गांतली स्पर्धा बंद केली आणि सांगितलं की पिण्यात आणि हात धुण्यात काटकसर करायची नाही. मोजणी टाकीची, वर्गाची नाही. ज्यांना वाचवायला शिकवतो आहोत त्यांनी तहान मारून आकडा खाली आणावा, यापेक्षा आकडा वाढलेला बरा. दुसऱ्या शाळेतले शिक्षक कृती विचारतात तेव्हा मी आधी हे सांगते, मग नळीचं.

परवाच्या सोमवारी नळीत दोन सेंटीमीटर घट दिसली. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, 41 तास, पन्नास लिटर. कॉक बंद होता. ठिबकणारा नळही दुरुस्त झालेला आहे. सातवीची मुलं आता एकेका मजल्याचा व्हॉल्व एकेका शनिवारी बंद करून पाहणार आहेत. पहिल्या शनिवारी तळमजला.